नाव झाकून वाचा

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. त्यात पत्रलेखनाचे प्रश्न किती तपासले याचा हिशेब नाही. पण आभाराचं पत्र म्हटलं की मुलं काय लिहिणार हे मला उत्तरपत्रिका उघडण्याआधीच ठाऊक असायचं. ‘तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.’ ‘तुझ्या ऋणातून मी कधीही मुक्त होऊ शकत नाही.’ शुद्धलेखन बरोबर असलं की गुण द्यावेच लागायचे. मग मी मुलांना एक सांगू लागले. पत्र लिहून झालं की वरचं नाव बोटानं झाका आणि पुन्हा वाचा. तेच पत्र दुसऱ्या कुणालाही पाठवता येत असेल, तर ते कुणालाच लिहिलेलं नाही.

मुलं हसायची. आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा जन्मभर ऋणी राहायची!

मोठी माणसंही तेच करतात म्हणा. घरात कुणी गेलं की महिन्याभरानं वर्तमानपत्रात चौकट येते. ‘आमच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.’ ती रीत आहे, तिला माझी हरकत नाही. शंभर जण येऊन गेलेले असतात, शंभर पत्रं कोण लिहिणार? पण त्या शंभरांत एखादं माणूस असं असतं की जे त्या दिवशी आलं आणि नंतर येतच राहिलं. त्याला चौकटीत बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला वेगळं लिहावं, आणि नेमकं लिहावं. आज लिहायचं आहे ते या नेमकेपणाबद्दल.

यावर आपल्याकडचा पहिला आक्षेप मला माहीत आहे. मैत्रीत आभार कसले? ‘आभार मानून परकं करू नकोस’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, बोललोयही. त्यात तथ्य आहे. ‘थँक यू’ म्हटलं की व्यवहार मिटल्यासारखा वाटतो, रिक्षावाल्याचे सुटे परत घेतल्यासारखा. पण मला वाटतं, परकेपणा आभारांत नसतो, तो ठोकळेबाज शब्दांत असतो. ‘तू त्या दिवशी हे केलंस, ते मला दिसलं होतं’ एवढंच सांगितलं तर त्यात परकं काय आहे? उलट ते फक्त आपल्याच माणसाला सांगता येतं.

आमच्या या बाजूचंच एक उदाहरण देते. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं माहेर कल्याणचं, म्हणजे आमच्या अंबरनाथहून तीन स्टेशनांवर. पण त्यांच्या गोष्टीत आपण गोपाळराव लक्षात ठेवतो, डॉक्टरकीची पदवी लक्षात ठेवतो, आणि थिओडिशिया कार्पेंटर या बाईंना दोन ओळींत उरकतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावची ही गृहिणी. १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत तिनं तिथलं एक मिशनरी मासिक चाळायला घेतलं. त्यात गोपाळरावांचा पत्रव्यवहार छापला होता. बायकोला शिकवायचं आहे, त्यासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असं त्यांनी विचारलं होतं. मिशनऱ्यांना धर्मांतरात रस होता. कार्पेंटरबाईंना त्या मुलीत रस वाटला. त्यांनी पत्र लिहिलं. पुढची तीन वर्षं या दोघी एकमेकींचं तोंडही न पाहता पत्रं लिहीत होत्या. आनंदीबाई इंग्रजीत त्यांना ‘आँट’ म्हणू लागल्या, म्हणजे आपली मावशीच.

ही तीन वर्षं आनंदीबाईंची बरी नव्हती. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. गोपाळरावांच्या पोस्टातल्या नोकरीमुळे बिऱ्हाड पाठीवर. पुढे कलकत्त्याला असताना डोकं सारखं दुखायचं, ताप यायचा, धाप लागायची. कार्पेंटरबाईंनी हे पत्रांतून वाचलं आणि तिकडून औषधं पाठवली. त्या औषधांनी गुण आला नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. औषध लागू पडलं नाही, तरी नातं तुटलं नाही, उलट घट्ट झालं. ४ जून १८८३ रोजी आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या, आणि फिलाडेल्फियाचं कॉलेज सुरू होईपर्यंत त्या रोझेलला त्यांच्याच घरी राहिल्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या, वर्षअखेरीस परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी बाईंच्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ती ठेवली आहे, आणि वर दगड आहे. ‘आमच्यावर फार उपकार झाले’ असं हजार वेळा लिहून जे कळलं नसतं, ते यातून कळतं. ही तुमच्या घरातली होती, म्हणून तुमच्या घरच्यांत.

एवढं मोठं आपल्याला करायचं नसतं. पण यातून एक गोष्ट मी उचलली. आभार परिणामाचे मानायचे नसतात. लागू न पडलेल्या औषधाचेही मानायचे असतात.

आता माझं सांगते.

जून २०१६ मध्ये ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. डाव्या मेंदूत झाला, म्हणून उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचा गेली म्हणजे आवाज गेला नव्हता. शब्द सापडत नव्हते. याला वाचाघात म्हणतात. त्यात माणसाला समजतं बरंच, पण मनातलं शब्दात उतरत नाही. कधी कधी एकच शब्द शिल्लक राहतो आणि तोच सगळ्याला वापरला जातो. ह्यांचा शब्द होता ‘बरोबर’. पाणी हवं, बरोबर. पंखा बंद कर, बरोबर. माझ्यावर चिडले तरी बरोबर! चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला एवढी सहमती कधी मिळाली नव्हती.

आता हसून लिहिते आहे. तेव्हा हसू येत नव्हतं. मुलगा बंगळूरला, तो आणि सून जमेल तसे येत. दिवसा एक बाई मदतीला येत असे. पण उरलेला वेळ घरात मी आणि ‘बरोबर’. एकवीस महिने हे चाललं, मार्च २०१८ मध्ये हे गेले तोपर्यंत.

त्या एकवीस महिन्यांत माझी एक मैत्रीण दर बुधवारी बदलापूरहून यायची. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो, ती गणित शिकवायची. शाळेत आम्ही सगळ्या एकमेकींना ‘बाई’ म्हणत असू, त्यामुळे अजूनही ती मला बाई म्हणते आणि मी तिला बाई. नाव लिहायचं नाही असं तिनं बजावलं आहे, म्हणून इथेही ती बाईच राहील. बदलापूर ते अंबरनाथ एकच स्टेशन. पण तिचे गुडघे तेव्हाच गेलेले. दोन्हीकडे पुलाचे जिने, आणि स्टेशनापासून आनंदनगरपर्यंत शेअर रिक्षा. एका स्टेशनाचा प्रवास तिला तासभर पुरत असे.

हे गेल्यावर तिला पत्र लिहायचं मी ठरवलं. लगेच नाही लिहिलं. दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसं असतात आणि त्या दिवसांतलं आपलं सगळं बोलणं रडण्यातून येतं. सहा महिने जाऊ दिले. मग एका दुपारी जुन्या वहीच्या मागच्या पानावर नुसती यादी केली. तिनं काय काय केलं, आठवेल तसं. विशेषणं नाहीत, नुसती कामं. बावीस गोष्टी झाल्या. त्यातल्या चार ठेवल्या. निवडताना एकच पाहिलं, की जी गोष्ट तिनंच केली, दुसऱ्या कुणी केली नसती किंवा तशी केली नसती, ती ठेवायची. डबे पुष्कळांनी आणले होते. डबे काढले. पैशाला लागलं तर सांग, हे बऱ्याच जणांनी मनापासून म्हटलं होतं. तेही काढलं.

तिच्या परवानगीनं पत्र खाली देते. काही घरगुती ओळी तेवढ्या गाळल्या आहेत.

*प्रिय बाई,*

*फोनवर बोलतोच आपण रोज, तरी हे लिहून पाठवते आहे, कारण बोलायला लागले की तू विषय बदलतेस.*

*पहिली गोष्ट. हे आजारी पडल्यावर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ह्यांच्यासमोर बसून मला विचारायचा, ‘कसे आहेत आता?’ तू पहिल्या बुधवारी आलीस, खुर्ची ओढून ह्यांच्या डाव्या बाजूला बसलीस आणि त्यांनाच विचारलंस, ‘भाऊजी, झोप लागली का?’ हे म्हणाले, बरोबर. तू म्हणालीस, ‘म्हणजे नाही लागलेली.’ हे हसले. आजारानंतर पहिल्यांदा हसले. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. त्या दिवसापासून मीही त्यांच्याशी बोलायला लागले, त्यांच्याबद्दल बोलायची सवय मलाही लागत चालली होती.*

*दुसरी. तू आल्यावर मला आत पाठवायचीस आणि दार लोटून घ्यायचीस. मी तासभर झोपायचे. उठल्यावर तू कधीही सांगितलं नाहीस की मी झोपले असताना काय काय झालं. चादर बदललेली असायची, एवढंच. चादर का बदलली हे तू बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही.*

*तिसरी. त्या पावसाळ्यात एका रात्री फोनवर मी तुला म्हणाले, की मला ह्यांचा राग येतो. बोलत नाहीत म्हणून राग येतो. हे मी मुलाला सांगू शकत नव्हते, बहिणीला तर नाहीच. तू म्हणालीस, ‘येणारच. जेवलीस का?’ मी म्हटलं नाही. तू म्हणालीस, ‘मग भात गरम कर, मी फोन धरून आहे.’ मी भात गरम केला आणि तू ते सगळं फोनवर ऐकत होतीस. दुसऱ्या दिवशी तू त्याचा उल्लेख केला नाहीस, त्यानंतरही कधी नाही. मी ते बोलले होते आणि काहीही बिघडलं नव्हतं, हे मला फार दिवस पुरलं.*

*चौथी. तू बालभारतीच्या जुन्या पुस्तकांतली आणि कॅलेंडरवरची चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवून आणली होतीस. पाण्याचा पेला, पंखा, औषध, गॅलरी. ह्यांनी बोट दाखवावं म्हणून. चार दिवस दाखवलं, मग पुठ्ठे बाजूला सारले. त्याचा उपयोग झाला नाही हे आपल्या दोघींना माहीत आहे. तरी ते पुठ्ठे मी टाकलेले नाहीत. कडा तू कात्रीनं गोल केल्या होत्यास, ह्यांच्या बोटाला लागू नये म्हणून. गणिताच्या बाईंनी कडा गोल केल्या!*

*तुझे गुडघे मला माहीत आहेत. एवढे बुधवार तू अंबरनाथचा जिना कसा चढलीस हे तू सांगणार नाहीस, पण माझ्या लक्षात आहे.*

*याचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही.*

*तुझी,*
*बाई*

एवढंच पत्र. घडी घालून पाकिटात घातलं, पाच रुपयांचं तिकीट लावलं आणि पोस्टात टाकलं. एका स्टेशनावर राहणाऱ्या मैत्रिणीला पत्र कशाला, हातात का नाही दिलं, असं सुनेनं विचारलं. हातात दिलं असतं तर माझ्यासमोर तिला ते वाचावं लागलं असतं आणि चेहरा काय करावा हे सुचलं नसतं. पत्र एकटीनं वाचायला मिळणं हाही त्यातला भाग आहे.

आता मास्तरकीची सवय म्हणून या पत्रातून काय गाळलं तेही सांगते, कारण माझ्या मते आभाराचं पत्र बिघडतं ते गाळायला हवं ते ठेवल्यानं.

पहिलं म्हणजे ‘तू नसतीस तर मी संपले असते’ हे वाक्य. भावना खोटी नाही, बऱ्याच रात्री तसं वाटलं होतं. पण ते वाचून समोरच्यानं काय करायचं? ‘छे, मी कुठे काय केलं’ असंच म्हणावं लागतं. म्हणजे आपण तिला आपले आभार नाकारायला लावतो. शिवाय त्यात एक ओझं आहे. उद्या माझी तब्येत बिघडली तर मला वाचवण्याची जबाबदारी पुन्हा तिच्यावरच. पुठ्ठ्यांच्या गोल कडा, गरम भात, हे नाकारता येत नाही. ते घडलेलंच असतं. आणि त्याचं ओझंही होत नाही.

दुसरं म्हणजे न आलेल्यांची यादी. हे फार सहज होतं. ‘सख्ख्यांनी पाठ फिरवली पण तू आलीस.’ असं लिहिलं की पत्र मैत्रिणीचं राहत नाही, सख्ख्यांचं होतं. तिच्या चांगुलपणाला आपण आपल्या तक्रारीचं माप लावतो. आणि ती बिचारी उद्या त्या सख्ख्यांना लग्नात भेटणार असते.

तिसरं म्हणजे माझं दुःख. पत्रात माझ्या रात्री किती वाईट होत्या याचं वर्णन जवळजवळ नाही. तिनं जे केलं ते कळायला जेवढं लागतं तेवढंच ठेवलं. राग आला होता हे ठेवलं, कारण त्याशिवाय भाताला अर्थ नाही. बाकीचं तिला माहीतच होतं, ती दर आठवड्याला पाहत होती.

चौथं म्हणजे परतफेड. ‘कधीही हाक मार, मी धावत येईन.’ माझंही वय झालंय, धावत कुठली येणार! आणि असं लिहिलं की हिशेब सुरू होतो. तिला गरज पडली तर मी जाईनच, ते लिहून द्यायची बाब नाही.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम ठेवली. तिला ते किती पडलं हे. आपण बहुतेक वेळा आपल्याला काय मिळालं ते लिहितो, समोरच्याचं काय गेलं ते लिहीत नाही. तिनं गुडघ्यांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. न सांगितलेलं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, हे कळायला हवं असं मला वाटलं. तेही एका ओळीत. दोन ओळी झाल्या असत्या तर तिला अपराधी वाटायला लागलं असतं की मलाच वाटतंय असं, कोण जाणे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. पत्र घरात दुसऱ्यांच्या हाती पडणार असेल तर त्यात काय लिहायचं याचा विचार करावा लागतो. रागाची गोष्ट मी लिहिली कारण ती एकटी राहते आणि तिची पत्रं तीच उघडते. आणि मैत्रीण स्वतःच त्या वेळी अडचणीत असेल तर आपलं जुनं दुःख घेऊन तिच्या दारात जाऊ नये. थांबावं. आभार शिळे होत नाहीत, तपशील मात्र पुसट होतात, म्हणून यादी तेवढी वेळेवर करून ठेवावी.

पत्र बरोबर पोचलं की नाही हे कसं ओळखायचं? ‘अगं त्यात काय!’ हे उत्तर आलं तर काहीच कळत नाही, ते आपण सगळेच म्हणतो. माझा अनुभव असा की नेमक्या पत्राला नेमकं उत्तर येतं. समोरचं माणूस त्यात आपली एखादी गोष्ट घालतं.

तिचं उत्तर आठ दिवसांनी आलं. पोस्टकार्ड. गणितवाल्या बायका शब्द मोजून वापरतात. तिनं लिहिलं होतं की मी झोपायची तेव्हा ते दोघं पत्ते खेळायचे. सात-आठ. ह्यांचा उजवा हात चालत नव्हता, पत्ते धरता येत नव्हते, म्हणून ती पर्समधून कपडे धुवायचा नवा ब्रश घेऊन यायची. ब्रश उलटा ठेवायचा आणि त्याच्या केसांत पत्ते उभे करायचे. डाव्या हातानं एकेक पत्ता उपसून टाकता येतो. बोलायची गरज पडत नाही. वाचा गेली तरी हुकूम कुठला आणि हात किती झाले हे ह्यांना पक्कं कळायचं. शेवटी लिहिलं होतं, ‘भाऊजी सहसा जिंकायचे. एकदा मी मुद्दाम हरले तर त्यांनी पत्ते मिटवले आणि खेळेनात. पुन्हा कधी मुद्दाम हरले नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं.’

एकवीस महिने माझ्याच घरात, लोटलेल्या दाराच्या पलीकडे हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. हे गेल्यानंतर ह्यांच्याबद्दल काहीतरी नवीन कळेल असं मला वाटलं नव्हतं. मी ‘बरोबर’ म्हणणाऱ्या एका आजारी माणसाची सेवा करत होते, आणि त्याच वेळी तो माणूस बुधवारी दुपारी डाव जिंकत होता, दया केलेली त्याला चालत नव्हती. ते पोस्टकार्ड वाचून मी पुष्कळ रडले. पण तो वेगळा विषय.

तर मंडळी, माझं म्हणणं इतकंच. ज्या माणसानं कठीण काळात साथ दिली त्याला ‘ऋणी’ म्हणून मोकळं होऊ नका. वहीच्या मागच्या पानावर यादी करा. त्यात एखादी न जमलेली गोष्टही असू द्या.

आणि वाचाघात झालेलं कुणी तुमच्या घरात किंवा शेजारी असेल, तर तो ब्रशाचा उपाय लक्षात ठेवा. ब्रश नवा घ्या, केस दाट आणि जरा कडक हवेत, नाहीतर पत्ते आडवे पडतात. खेळ दोघांचा असावा आणि त्याला आधीपासून येणारा असावा. आणि काही झालं तरी मुद्दाम हरू नका.